चूल भागिरथाची, दूध वर्षाराणीचं

भागिरथाची म्हैस ऐन दिवाळीत आटली, आणि तुळशीचं लग्न लागून आठ दिवस झाले नाहीत तोच योगिनीला बघायला वाशीमचे पाहुणे यायचं ठरलं. जुळवाजुळव केली होती भागिरथाच्या भावानं, जानरावानं. हा माणूस मनानं चांगला, पण त्याच्या जिभेला कुंपण नव्हतं. मुलाकडच्यांपुढं त्यानं दोन गोष्टी छातीठोकपणे सांगून ठेवल्या होत्या. एक, आमच्या ताईच्या घरच्या बासुंदीसारखी बासुंदी अख्ख्या रिसोड तालुक्यात मिळायची नाही. दुसरी, घर वेगळं झालं असलं तरी दोघी जावा सख्ख्या बहिणींसारख्या आहेत, एकीवाचून दुसरीचं पान हलत नाही.

पहिली गोष्ट बऱ्यापैकी खरी होती. दुसरी इतकी खोटी होती की ती ऐकून भागिरथाच्या हातातला चहा लुगड्यावर सांडला.

वर्षाराणी ही तिची धाकटी जाऊ, तिला 'बाई' म्हणणारी. मधे एक कुडाची भिंत, अंगण एकच, आणि तीन वर्षांत एकमेकींशी एक शब्द नाही. भांडण जमिनीवरून झालं नव्हतं, वाटणीवरूनही नाही. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला पंधरा बायकांच्या देखत वर्षाराणी हसत हसत म्हणाली होती, "आमच्या बाईच्या म्हशीले सड पाच. पाचवा हापशीचा." पंधराच्या पंधरा बायका हसल्या. भागिरथा वाण न घेताच उठून आली, आणि त्या दिवसापासून वर्षाराणी तिच्यापुरती मेली. दुधात पाणी ती घालत होती की नव्हती हा प्रश्न वेगळा. तो विचारायची कोणाची छाती झाली नाही.

आता पाहुणे यायचे म्हणजे बासुंदी हवी, बासुंदीला म्हशीचं दूध हवं, आणि त्या घडीला जवळपास म्हशीचं निखळ दूध होतं ते वर्षाराणीच्याच दारात. पिशवीचं दूध आणून बघितलं तर बोटाला सायही लागेना. शेवटी भागिरथाच्या नवऱ्यानं, विनोदनं, भावाच्या दारात जाऊन तोंड वेंगाडलं. उत्तर आलं ते वर्षाराणीचंच. दूध देते, बारा लिटर देते, पैसा घेणार नाही. पण सराटा माझ्या हातात राहील.

सराटा म्हणजे लांब दांड्याचं चपटं उलथणं. तो ज्याच्या हातात, बासुंदी त्याची.

"माह्या घरात येऊन माह्याच कढईवर मालकी?" भागिरथा कडाडली. "सांगा तिले, चूल माही हाये. इंधन मी घालीन. माह्या चुलीले तिनं हात लावला त पाहून घेईन मी."

अशी वाटणी झाली. कढई भागिरथाची, आग भागिरथाची. दूध वर्षाराणीचं, हात वर्षाराणीचा. हे सगळं योगिनीसाठी. मुलगा शिवम, वाशीमला त्याचं शेतीऔषधांचं दुकान होतं. योगिनीनं त्याला मामाच्या मुलीच्या लग्नात पाहिलं होतं, फोनवर दोनदा बोललीही होती. ते दोन फोन तिनं आईपासून लपवले होते, पण भागिरथाला ते ठाऊक होते. मुलगी दोन महिन्यांत घरात गुणगुणत हिंडायला लागली होती. हे लग्न झालं पाहिजे, एवढी एकच गोष्ट भागिरथाला देवाकडून हवी होती. बाकीचं काही नाही दिलं तरी चाललं असतं.

रविवारी सकाळी आठ वाजता वर्षाराणी दोन कॅन घेऊन आली. भागिरथाकडं न बघता तिनं कढईत तांब्याभर पाणी फिरवलं, ते ओतून दिलं, पुसलं मात्र नाही. ओल्या कढईला दूध लवकर धरत नाही. हे भागिरथालाही माहीत होतं, आणि तिनं केलं असतं तर हेच केलं असतं, म्हणूनच तिला ते बघवेना. दूध कढईत पडलं. घट्ट, पिवळसर, कडेला चिकटून उतरणारं. पाण्याचा थेंब नव्हता त्यात. तेही भागिरथाला बघवेना.

पहिली उकळी येईपर्यंत आग मोठी लागते. भागिरथानं बाभळीची लाकडं सारली. वर्षाराणी सराटा कढईच्या बुडावरून या कडेपासून त्या कडेपर्यंत फिरवत राहिली, एक क्षणही न थांबता. दोघींच्या मधे योगिनी उभी होती, न्हाऊन, ओल्या केसांनी.

"सांग वं तुह्या काकूले," भागिरथा म्हणाली, "हात जरा जोरानं चालव म्हना. मेंदी लावून आल्यावानी फिरवून राह्यली."

वर्षाराणी तीन हातांवर उभी होती. तिला ऐकू आलंच. तरी योगिनीनं वळून सांगितलं, "काकू, आई म्हनते थकल्या असान त जरा बसा."

"तुह्या आईले सांग," वर्षाराणी म्हणाली, "थकवा कामानं येत नाही, तोंड पाहून येते."

"आई, काकू म्हनते ठीक हाये."

असं ते तीन वर्षं चाललं होतं. शिव्या योगिनी मधल्या मधे गिळून टाकायची आणि निरोप तेवढा पुढं न्यायची. कपडे वाळत घालायची दोरी, हापशीची पाळी, देवाचा नारळ, सगळा व्यवहार त्या मुलीच्या तोंडून व्हायचा. दोघींना त्याची इतकी सवय झाली होती की आपण एकमेकींशी बोलत नाही हेही त्या विसरून गेल्या होत्या.

उकळी आली, फेस चढला, बसला. आता आग उतरवायची. भागिरथानं दोन लाकडं बाहेर ओढली, विस्तव मधोमध आणला आणि वर दोन गोवऱ्या ठेवल्या. बासुंदीला आग हवी ती बुडाच्या मध्यावर, आणि तीही शांत. जाळ कडेनं वर चढला की तिथं चिकटलेली साय जळते, आणि ती दुधात पडली की संपलं.

मग खरं काम सुरू झालं. दुधावर साय धरली की वर्षाराणी ती सराट्यानं हलकेच बाजूला सारायची आणि कढईच्या कडेला, दुधाच्या वर, लावून ठेवायची. थोडी सुकली की खरवडून परत दुधात सोडायची, आणि तिथल्या तिथं सराटा बुडावरून फिरवून घ्यायची. साय, कड, बूड. साय, कड, बूड. कडेची साय फार सुकू द्यायची नाही, नाहीतर दुधात मिसळत नाही, चिवट तुकडे तरंगतात. लवकर काढली तर तिला दाणा येत नाही. वर्षाराणीला ती वेळ नेमकी कळत होती. भागिरथा चुलीपाशी पाटावर बसून बघत होती आणि तिच्या जिवाचा जळफळाट होत होता, कारण चूक सापडत नव्हती.

"साखर घाल म्हना आता," ती मुद्दाम म्हणाली.

योगिनी वळायच्या आधीच वर्षाराणी बोलली, हवेत बघून. "साखर शेवटी पडत असते. आता घातली त पातळ होईन आनि बुडाले धरन. ज्याले येत नाही त्यानं शिकवू नये."

भागिरथानं ओठ चावला. तिला ते येत होतं. तिनं परीक्षा बघितली होती, आणि परीक्षेत तीच नापास झाली.

साडेदहाला शेजारची बाई योगिनीला साडी नेसवायला घेऊन गेली. आतल्या खोलीचं दार लागलं. अंगणात दोघीच उरल्या. दूध अर्ध्यावर येत होतं, रंग बदामी झाला होता, वास गल्लीपर्यंत गेला होता. अजून पाव तास आणि काम झालं.

आणि त्या पाव तासात भागिरथाच्या डोक्यात किडा शिरला. ही बाई कायले आली? तीन वर्षं जिनं तोंड पाहिलं नाही, ती फुकटात बारा लिटर दूध घेऊन सकाळपासून उभी राहते? हिच्या भाचीसाठीही जानरावनं हेच स्थळ सुचवलं होतं म्हणे. ही शेवटच्या क्षणी काहीतरी करणार. साखरेच्या जागी मीठ, नाहीतर लिंबाचा थेंब. दूध फाटलं की आपलं नाक कापलं. बस्स, मग भागिरथाचे डोळे वर्षाराणीच्या हाताला चिकटले. हात कमरेला जातो का, पदराआड काही आहे का, सराटा कुठं थांबतो. गोवऱ्या विझत आल्या तशी तिनं न बघताच बाजूचं इंधन उचललं आणि चुलीत सारलं. ती गोवरी नव्हती. त्या तुराट्या होत्या, तुरीच्या वाळून खडखडीत झालेल्या काड्या, मूठभर.

तुराट्या भडकल्या. जाळ कढईच्या बाहेरून वर चढला, दोन्ही अंगांनी.

वर्षाराणीला ते दिसलं. कडेची साय पिवळी झाली, मग तांबूस. तिनं भराभर ती दुधात ओढली आणि हाक मारली, "योगिनी!" आतून उत्तर नाही. "योगिनी, इकडं ये वं लवकर!" दार बंद. साडीच्या पिना तोंडात धरलेली मुलगी कशी बोलणार? वर्षाराणीच्या समोर, दोन हातांवर, चुलीची मालकीण बसली होती. जाळ ओढा, एवढे दोनच शब्द. पण ते तिला सांगायचे म्हणजे तीन वर्षांचा हट्ट आपण आधी मोडायचा. वर्षाराणीनं ओठ घट्ट मिटले आणि सराटा दुप्पट वेगानं फिरवायला लागली.

भागिरथाला दिसलं ते एवढंच की ही आता घाबरी झाली आहे. काहीतरी नक्की करते आहे.

मग सराट्याखाली बूड खरखरलं. वर्षाराणीच्या हाताला ते कळलं आणि नाकालाही. बारीकसा, करपट वास. तिनं सराटा झटकन वर उचलला आणि थांबली. दूध बुडाला लागलं की हेच करायचं असतं. हात लावायचा नाही. बूड तसंच सोडायचं, वरचं वर अलगद दुसऱ्या पातेल्यात ओतून घ्यायचं, शेवटची चार बोटं कढईतच राहू द्यायची. पाऊण बासुंदी वाचते. कोणाला पत्ताही लागत नाही. ती पातेल्यासाठी वळली.

"थांबली काहून?" भागिरथा ताडकन उठली. बोलली तीही हवेतच, पण उठली. "लागू देते काय मुद्दाम? मले माहीतच व्हतं!" आणि तिनं वर्षाराणीच्या हातातून सराटा हिसकावला.

तेव्हा वर्षाराणी बोलली. तीन वर्षांत पहिल्यांदा, थेट तिच्या तोंडाकडं बघून, अगदी कळवळून बोलली. "बाई, खरडू नका! खालून खरडू नका, हात जोडते!"

दुसऱ्या कोणी हे म्हटलं असतं तर भागिरथा थांबली असती. तिनं हयातभर दूध आटवलं होतं, बुडाला लागलेलं खरडायचं नाही हे तिला झोपेतही सांगता आलं असतं. पण हे वर्षाराणी म्हणत होती, आणि वर्षाराणी नको म्हणते म्हणजे ते केलंच पाहिजे. भागिरथानं दोन्ही हातांनी सराटा धरला, बुडाशी रोवला आणि जीव खाऊन खरडलं. एकदा, दोनदा, तीनदा.

तपकिरी पापुद्रे वर आले. आधी दोन, मग मूठभर, मग सगळीकडं. बदामी दुधात काळसर ठिपके फिरायला लागले, आणि जो वास बुडाशी दबलेला होता तो अख्ख्या कढईत पसरला. भागिरथा सराटा हातात धरून बघत राहिली. आपण काय केलं ते तिला कळलं, पण कळून आता काही होणार नव्हतं.

गल्लीत गाडीचा हॉर्न वाजला.

पाहुण्यांसमोर दुसरं काही ठेवायला वेळच नव्हता. रिसोडला माणूस धाडावा तर गाडी दारात. वर्षाराणीनं मुकाट्यानं पातळ फडक्यातून बासुंदी गाळली. पापुद्रे गेले, साय गेली, दाणा गेला. वास तेवढा राहिला. साखर घातली, वेलदोडा दुप्पट घातला, जायफळ किसलं. चारोळी टाकली, वास तसाच. 

मुलाची आई रत्नमालाबाई साठीच्या, जाड काड्यांचा चष्मा लावणाऱ्या आणि हळू बोलणाऱ्या होत्या. योगिनीशी त्यांनी पाचच मिनिटं बोलून तिचा हात हातात घेतला आणि सोडलाच नाही. शिवम मान खाली घालून हसत होता. पंगत बसली. जानराव मधोमध, त्याची जीभ मोकाट सुटलेली. "दोघी जावांनी मिळून केली बरं का बासुंदी. सकाळपासून सोबत उभ्या हायेत. असं घर पाहाले भेटत नाही आजकाल."

रत्नमालाबाईंनी वाटी तोंडाला लावली. एक घोट घेतला, वाटी खाली ठेवली, आणि रागावून नव्हे, अगदी साधेपणानं म्हणाल्या, "खालून लागली वाटते जराशी. लागते, बाई. माह्याकडूनही लागते कधी कधी. कोनं केली?"

विनोदनं डोळे मिटले. भागिरथा पुऱ्यांची परात घेऊन दारात उभी होती.

"मी केली," वर्षाराणी म्हणाली. भाजीचं पातेलं तिच्या हातात होतं. "बाईचा काही दोष नाही. सराटा माह्या हातात व्हता, माह्याचकडून लागली."

"व्हते, व्हते," रत्नमालाबाई म्हणाल्या आणि परत वाटी उचलली. त्यांनी बासुंदी संपवायला घेतली होती. शिवमनं तर दुसरी वाटी मागितली. विषय संपला होता. लग्न ठरल्यातच जमा होतं. भागिरथानं फक्त पुऱ्या वाढायच्या होत्या.

पण तिच्या अंगाची आग आग झाली. वर्षाराणीचे उपकार? तिनं माझा गुन्हा आपल्या पदरात घ्यायचा, ते माझ्या घरात, माझ्या पाहुण्यांपुढं? उद्या ही गावभर सांगत फिरेल, बाईनं वाट लावली आणि मी झाकली. योगिनीच्या लग्नात अक्षता टाकताना ही माझ्याकडं बघेल आणि हसेल. जन्मभर हसेल. शिवी दिली असती तर भागिरथानं गिळली असती, पण हे तिच्या गळ्याखाली उतरेना.

"काही गरज नाही," ती म्हणाली. परात तिनं खाली आपटलीच. "मी खरडली. बुडाले लागली व्हती, मी सराटा घेतला न् खरडली. कोनाचे उपकार नाही पाह्यजे मले."

"बाई, गप बसा ना," वर्षाराणी दातांत म्हणाली.

"मले गप बस म्हनते? माह्या घरात?"

"पोरीकडं पाहा जरा."

"पोरीचं तू नको सांगू मले! मुद्दाम लागू देल्ली तू! डोळ्यानं पाह्यलं मी, थांबली व्हती तू!"

आता वर्षाराणीचाही तोल गेला. "मी थांबली ते वाचवाले! जाळ कोनं केला एवढा? तुराट्या कोनं घातल्या?"

"मंग तोंड नव्हतं तुले? जाळ वढा म्हनाले काय झालं व्हतं?"

"कोनाले म्हनू? भिंतीले? तीन वर्सं झाले, बोलून राह्यल्या काय तुमी माह्याशी?"

"तू मले हापशीची म्हटलं तवापासून नाही बोलली, आनि बोलनारही नाही!"

"म्हटलं! अजून म्हनीन! व्हतंच पानी तुमच्या दुधात!"

एवढं झाल्यावर दोघींना पंगत दिसली. जानराव वाटीत काहीतरी शोधत होता. विनोद भिंतीकडं तोंड करून बसला होता. शिवमची दुसरी वाटी तशीच भरलेली होती. रत्नमालाबाईंनी चष्मा काढला, पदरानं पुसला, परत लावला.

"तीन वर्सं," त्या जानरावला म्हणाल्या. "आनि तुमी मले बहिणी म्हटलं व्हतं."

त्या हात धुवायला उठल्या. कोणावर ओरडल्या नाहीत, कोणाला नावं ठेवली नाहीत. त्यांच्या घरातही दोन सुना होत्या, तिसरी यायची होती, आणि त्यांना आपल्या घराची काळजी होती. विडा घेतला, योगिनीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि विनोदला म्हणाल्या, "कळवतो."

कळवतो म्हणजे काय हे न समजणारा माणूस या मुलखात जन्माला आलेला नाही. गाडीत बसताना शिवमनं एकदा मागं वळून बघितलं. मग काच वर गेली, आणि गाडी वाशीमच्या रस्त्याला लागली.

अंगणात भागिरथा आणि वर्षाराणी चुलीच्या दोन बाजूंना उभ्या राहिल्या. मधे कढई होती. भागिरथाला वाटलं, आता वर्षाराणी काहीतरी म्हणेल. तिनं म्हणावं असं वाटलं, म्हणजे उलटून बोलता येईल. वर्षाराणीही बहुतेक त्याचीच वाट बघत होती.

योगिनी दारात आली. साडी नेसलेलीच होती, पिनासुद्धा जागच्या जागी. तिनं आधी काकूकडं बघितलं, मग आईकडं. आवाज चढवला नाही.

"तीन वर्सं नाही बोलल्या तुमी," ती म्हणाली. "मले काही वाटलं नाही. मी बोलत व्हती दोघींच्या वाटचं. पन आजच बोलाचं व्हतं काय तुमाले?"